गोळा आत गेला नाही, तो तास

*आमचे मालक सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. वय ४८. दीड वर्ष झालं, उजव्या जांघेत गोळा येतो. खोकलं की, पोतं उचललं की लिंबाएवढा होतो आणि रात्री आडवं झालं की आपोआप जातो. महिन्याभरापासून दुखायला लागलाय. परवा रात्री तासभर आत गेलाच नाही, शेवटी त्यांनीच हातानं दाबून घातला. कुणीतरी सांगितलं म्हणून पट्टा आणलाय, तो बांधून कामाला जातात. म्हणतात, आत्ताच दिवाळी झाली, हळदीचा सीजन होऊ दे, मग बघू. सासूबाईंच्या बेंबीतही असाच फुगवटा आहे, पण त्यांचं काही दुखत नाही. थांबलं तर चालेल का? आणि धावपळ करायची वेळ आली हे ओळखायचं कसं?*
*— एक भगिनी, सांगली*

ताई, हा गोळा हर्नियाचा दिसतो, सीजनपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात सर्जनला दाखवा आणि ऑपरेशनची तारीख घेऊनच घरी या.

हाच प्रश्न तुम्ही दिवाळीआधी दोन महिने विचारला असता, तर माझं उत्तर इतकं घाईचं नसतं. जांघेतला हर्निया दुखत नसेल, सहज आत जात असेल, तर पुरुषांमध्ये लक्ष ठेवून काही काळ थांबता येतं. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेला एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात थांबलेल्या लोकांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनाच्याही आत निघालं. म्हणजे गोळा दिसला की त्याच रात्री दवाखाना गाठायचा, असं नसतं. पण त्याच लोकांकडे पुढं बरीच वर्षं लक्ष ठेवल्यावर असंही दिसलं, की त्यातल्या बहुतेकांना कधी ना कधी ऑपरेशन करून घ्यावंच लागलं, आणि त्याचं मुख्य कारण होतं दुखणं. तुमच्या मालकांचा हर्निया आता त्या थांबण्यासारख्या गटात राहिलेला नाही. दुखायला लागला ही पहिली पायरी होती, परवाची रात्र ही दुसरी.

त्या तासाभरात काय झालं असेल ते सांगतो, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतोय ते कळेल.

पुरुषाचे अंडगोल जन्माआधी पोटात असतात. जन्माच्या सुमाराला ते जांघेतून खाली उतरतात. ते ज्या वाटेनं उतरले ती वाट नंतर बुजते, पण पोटाच्या भिंतीत तिथं एक जागा कायमची कच्ची राहते. दाजींचं काम तर रोज पन्नास-पन्नास किलोची पोती पाठीवर घेण्याचं. प्रत्येक वेळी दम धरून उचलताना पोटातला दाब त्या कच्च्या जागेवर येतो. बिडीचा खोकला असेल तर रात्रीसुद्धा त्या जागेला विसावा नाही. हळदीच्या पोत्याची शिवण एका ठिकाणी उसवली की आधी एखादं हळकुंड डोकावतं, पोतं आपटलं की आणखी चार बाहेर येतात, तसंच हे आहे. पोटाच्या आतलं पातळ अस्तर पिशवीसारखं बाहेर येतं, आणि त्या पिशवीत कधी चरबीचा पडदा उतरतो, कधी आतड्याचा वेढा.

आतडं बाहेर आलं आणि परत गेलं, तोवर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पिशवीच्या तोंडाशी अडकलं तर. बोटाला दोरा घट्ट गुंडाळून बघितलाय ना लहानपणी? बोट लगेच पांढरं पडत नाही. आधी लाल होतं, मग निळसर होऊन फुगतं. रक्त आत आणणारी नस जाड भिंतीची आणि जोराची असते, बाहेर नेणारी पातळ आणि मऊ. दाब आला की पातळ नस आधी मिटते. रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही, बोट सुजतं, आणि सुजलं की दोरा आणखी रुततो. आतड्याचं अगदी असंच होतं. सुजेमुळं तोंड आणखी आवळतं, शेवटी रक्त आत येणंही थांबतं, आणि मग आतड्याचा तेवढा तुकडा मरायला लागतो. आम्ही डॉक्टर याला हर्नियाचा गळा आवळणं म्हणतो. हे सुरू झाल्यावर साधारण सहा तासांनी आतडं वाचण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते, आणि कधीकधी तेवढाही वेळ मिळत नाही.

परवा रात्री दाजी त्या वाटेवर दोन पावलं चालून परत आले. गोळा आत गेला म्हणून आतडं वाचलं. पण एकदा अडकलेला हर्निया पुन्हा अडकण्याची भीती जास्त असते, आणि पुढच्या वेळी तो हातानं जाईलच याचा भरवसा नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो माझ्याकडं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असतो. लोक आकारावरून धोका ठरवतात. "लिंबाएवढाच तर आहे," असं म्हणतात. धोका आकारात नाही, तोंडाच्या रुंदीत आहे. अंडकोषापर्यंत उतरलेला नारळाएवढा हर्निया वर्षानुवर्षं घेऊन फिरणारी म्हातारी माणसं मी बघितलीत. त्यांचं तोंड इतकं रुंद असतं की आतडं ये-जा करत राहतं. त्यांनीही ऑपरेशन करायलाच हवं, ते वेगळं. पण सुपारीएवढा गोळा, जो अरुंद आणि टणक कडांच्या भोकातून बाहेर आलाय, तो जास्त घातकी असतो.

सुपारीएवढ्या एका गोळ्याची हकीकत सांगतो. ती आठवली की मला आजही वाईट वाटतं.

तासगावकडच्या एका गावातली बासष्ट वर्षांची मावशी. द्राक्षबागेत रोजानं कामाला जायची. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला पोटात कळ आली आणि उलटी झाली. घरच्यांना वाटलं पित्त खवळलं. गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथं पित्ताचं आणि दुखण्याचं इंजेक्शन मिळालं, तासभर बरं वाटलं. रात्री कळा पुन्हा सुरू झाल्या. कळ यायची, दोन-चार मिनिटं पिळून काढायची, ओसरायची, पुन्हा यायची. उलटीत आधी जेवण पडलं, मग हिरवं पित्त. रविवारी सलाईन लावलं. दुपारी तिला एकदा थोडं शौचाला झालं, आणि घरच्यांना वाटलं आता सुटली. संध्याकाळपासून पोट फुगायला लागलं, वारा सरणं बंद झालं. पहाटेच्या उलटीचा रंग तपकिरी होता आणि वास शौचासारखा. सोमवारी सकाळी नऊला ती आमच्याकडं पोचली. कळ सुरू होऊन अडतीस तास झाले होते.

या अडतीस तासांत तिचं पोट तीन जणांनी तपासलं. जांघ कुणीच बघितली नाही, आणि मावशीनं लाजेपायी सांगितलं नाही. मी लुगडं थोडं सरकवायला सांगितलं, तेव्हा उजव्या जांघेच्या घडीखाली, मांडी जिथं सुरू होते तिथं, सुपारीएवढी कडक गाठ होती आणि तिच्यावर हळदीचा लेप वाळलेला. "अवधाण आलंय म्हणून लावलं," ती म्हणाली. पायाला काटा लागला, फोड झाला की जांघेत अवधाण येतं हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तिला तसं वाटणं साहजिक होतं. पण तिच्या पायावर कुठंही जखम नव्हती.

ऑपरेशनमध्ये पिशवी उघडली, तर आतून गढूळ, वास येणारं पाणी आलं आणि आतड्याचा वेढा दिसला. निरोगी आतडं गुलाबी आणि ओलसर चकचकीत असतं, बोट लावलं की वळवळतं. हा वेढा पिकलेल्या जांभळासारखा काळपट होता. आवळलेलं तोंड मोकळं केलं, कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या पट्ट्यांत वेढा गुंडाळला आणि भूलतज्ज्ञांना ऑक्सिजन वाढवायला सांगितलं. मग दहा मिनिटं थांबलो. कधीकधी तेवढ्यात रंग परततो, चकाकी येते, आतडं हलायला लागतं, आणि ते तसंच आत सोडता येतं. मावशीच्या वेढ्याचा रंग बदलला नाही. वीतभर आतडं कापून दोन टोकं जोडावी लागली. अकरा दिवस ती रुग्णालयात होती. वाचली. शनिवारी रात्री आली असती तर बहुधा वेढा सोडवून, भोक बुजवून चार दिवसांत घरी गेली असती.

मावशीचा हर्निया मालकांच्या हर्नियापेक्षा वेगळ्या वाटेनं आलेला होता. जांघेच्या घडीच्या खाली, मांडीकडे उतरणारा हा प्रकार बायकांमध्ये जास्त दिसतो, त्याचं तोंड अरुंद असतं आणि तो फार लवकर अडकतो. म्हणून बायकांच्या जांघेतल्या गाठीबाबत मी थांबण्याचा सल्ला देत नाही, दुखत नसली तरी. आणि मावशीला मधे एकदा शौचाला झालं, त्यानं घरचे फसले, तेही ध्यानात ठेवा. अडकलेल्या जागेच्या पुढच्या आतड्यात जे आधीच असतं ते बाहेर पडू शकतं. शिवाय कधीकधी आतड्याची पूर्ण नळी न अडकता फक्त एक कड चिमटीत सापडते. मग शौचाला होत राहतं आणि तिकडं ती कड सडत असते. तेव्हा "शौचाला झालंय म्हणजे काही नाही" हा हिशेब हर्नियात धरू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ओळखायचं कसं. दाजी ठणठणीत असताना एकदा नीट बघून ठेवा, म्हणजे बिघडल्यावर फरक कळेल. त्यांना उभं करा, गोळ्यावर हलका हात ठेवा आणि खोकायला सांगा. हाताला धक्का जाणवेल. मग आडवं करा, गोळा मऊ पडून जाईल. ही त्याची रोजची चाल. अवधाणाची गाठ खोकल्यानं हलत नाही आणि आडवं होऊन नाहीशी होत नाही, एवढा फरक घरी कळतो. बाकीचं निदान सर्जनवर सोडा, कारण अडकलेल्या हर्नियालाही खोकल्याचा धक्का लागत नाही.

बिघडल्याची पहिली खूण हीच, की रोजची चाल मोडते. आडवं होऊनही गोळा जात नाही, हाताला कडक लागतो, खोकल्यावर मोठा होत नाही, नुसता तटून राहतो आणि दुखतो. अजून उलटी नसेल, गोळ्यावरची कातडी नेहमीसारखी असेल, तर दाजींना पाठीवर झोपवा, कमरेखाली उशी द्या, गुडघे दुमडून पोट सैल सोडायला सांगा. पंधरा-वीस मिनिटं वाट बघा. बऱ्याचदा पोटाचा ताण सुटला की आतडं आपण होऊन सरकतं. गेलं तरी त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं. नाही गेलं तर पंचविसाव्या मिनिटाला घरातून निघायचं.

या वीस मिनिटांत जोरानं दाबायचं नाही. परवा दाबून गेला, पण ती सवय होऊ देऊ नका. आतडं सुजलेलं असताना जोर लावला तर ते फाटू शकतं. त्याहून फसवी गोष्ट अशी, की मेलेलं आतडं आत ढकललं गेलं किंवा आवळलेली पिशवीच आतड्यासकट आत सरकली, तर बाहेरचा गोळा नाहीसा होतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि पोटात मात्र तेच चालू राहतं. गोळा गेला पण कळा थांबल्या नाहीत, तर दवाखाना गाठायचाच.

आणि उलटी सुरू झाली असेल, कळा येत असतील, पोट तट्ट फुगलं असेल, वारा सरत नसेल, गोळ्यावरची कातडी लाल किंवा काळसर झाली असेल, अंगात ताप भरला असेल, यातलं एक जरी दिसलं तरी ती वीस मिनिटंही नाहीत. सरळ निघा. मध्येच दुखणं अचानक कमी झालं तरी माघारी फिरू नका. आतडं मेलं किंवा फुटलं की थोडा वेळ कळ थांबल्यासारखी वाटते आणि मग माणूस गार पडत जातो.

निघताना तोंडावाटे काही देऊ नका, पाण्याचा घोटही नाही. पोट रिकामं असलं की भूल सुखरूप देता येते, आणि अडकलेल्या आतड्यात वरून आणखी भर पडत नाही. एरंडेल, जुलाबाची गोळी, एनिमा, गोळ्यावर शेक, पोट चोळणं, यातलं काहीही नाही. वाटेत थांबून दुखण्याचं इंजेक्शन घेऊ नका. त्यानं कळ झाकली जाते आणि मावशीसारखे तास वाया जातात. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. नाहीतर मिळेल त्या गाडीनं या. नेमकं जायचं कुठं, हे रात्री दोन वाजता ठरवायचं नसतं. जिथं चोवीस तास सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही असतात तिथंच. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. खासगीत जायचं असेल तर रात्री भूलतज्ज्ञ येतात का, हे आजच फोन करून विचारून ठेवा. आणि पोचल्या पोचल्या तपासणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांगा: "यांच्या जांघेत हर्निया आहे, रोज आत जायचा, आज इतक्या वाजल्यापासून गेलेला नाही." पोटात दुखतंय, उलट्या होतायत, एवढंच सांगितलंत तर पित्ताचं औषध मिळण्याची शक्यता राहते. या एका वाक्यानं डॉक्टरांचा हात थेट जांघेवर जातो.

पट्ट्याचं म्हणाल, तर तो काढून ठेवायला सांगा. पट्ट्यानं भोक बुजत नाही. गोळा पूर्ण आत असताना, पडल्या पडल्या बांधला तर थोडा आधार देतो इतकंच. पण हमालीत पट्टा सरकतो, त्याच्याखालून आतडं बाहेर येतं आणि मग वरची गादी त्या आतड्यालाच दाबत राहते. वर्षानुवर्षं पट्टा वापरलेल्यांच्या जांघेत तिथली कातडी आणि आतले पदर एकमेकांना चिकटलेले सापडतात, ऑपरेशन अवघड होतं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हृदयाच्या आजारामुळं ऑपरेशन झेपणारच नसेल, तर पट्ट्याचा विचार होतो. अठ्ठेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाला त्याचं काम नाही.

ऑपरेशनला दाजी घाबरत असतील. आत्ता ठरवून केलं तर ते असं असतं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. पुष्कळदा नुसती जांघ बधिर करूनही होतं. अडीच-तीन इंचाचा छेद घेतात, आतडं आत सारतात आणि कच्च्या जागेवर मच्छरदाणीच्या कापडासारखी दिसणारी प्लास्टिकच्या धाग्याची जाळी बसवून शिवतात. शरीर त्या जाळीत स्वतःचे धागे विणतं आणि भिंत पक्की होते. तासाभराचं काम. संध्याकाळी उठून चालतात, बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी. दुर्बिणीतूनही करतात, तीन छोट्या भोकांतून, दुखणं थोडं कमी आणि कामावर परतणं थोडं लवकर. पण त्याला पूर्ण भूल लागते. दाजींच्या एका बाजूच्या, पहिल्यांदाच होणाऱ्या हर्नियाला दोन्ही चालतात. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती निवडा. नंतर अंडकोषाला थोडी सूज, काळंनिळं होणं, जांघेची कातडी काही महिने बधिर वाटणं हे होतं, त्याला घाबरू नका. काही थोड्या जणांना तीन महिन्यांनंतरही दुखत राहतं, ते मात्र सर्जनला दाखवायचं. लघवी अडली, ताप आला, जखमेतून पू आला, तर त्याच दिवशी परत जायचं.

हेच ऑपरेशन आतडं सडल्यावर करावं लागलं, तर पूर्ण भूल, पोट उघडणं, आतडं जोडणं, जखम पिकण्याची भीती. घाण झालेल्या जागी जाळी बसवणंही बऱ्याचदा टाळावं लागतं, म्हणजे हर्निया पुन्हा होण्याची शक्यता वाढते आणि हमाली कायमची सुटू शकते. दाजींना हे सांगा. त्यांची काळजी रोजगाराची आहे आणि ती खरी आहे, म्हणून हिशेबही रोजगाराचाच करू. यार्डात नवी हळद जोरात येते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. आत्ता दिवाळी झालीय. नोव्हेंबरअखेर ऑपरेशन झालं, तर पहिले दोन आठवडे घरात चालणं-फिरणं, पाण्याची भरलेली बादलीही उचलायची नाही. पुढं हलकी कामं. पन्नास किलोचं पोतं मी सहा आठवड्यांच्या आत उचलू देत नाही, हमालाला तर आठ आठवडे दिले तर बरं. आठ धरले तरी जानेवारीअखेर होते. सीजन सापडतो. सीजननंतरची तारीख धरली, तर ज्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त पोती उचलायची त्याच तीन महिन्यांत तेच कच्चं भोक घेऊन ते काम करणार, हे त्यांच्यासमोर बोटं मोजून मांडा.

बिडी ओढत असतील तर आजपासून बंद, कारण ऑपरेशननंतरची खोकल्याची प्रत्येक उबळ टाक्यांवर येते. बद्धकोष्ठ असेल, लघवीला जोर करावा लागत असेल, तर तेही सर्जनला आधीच सांगा. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते विचारा. दाजींची माथाडी मंडळात नोंद असेल, तर तिथंही उपचाराच्या मदतीचं विचारून ठेवा.

राहिल्या सासूबाई. मोठ्या माणसाच्या बेंबीतला फुगवटाही हर्नियाच असतो. बरीच बाळंतपणं झालेल्या आणि वजन वाढलेल्या बायकांत तो नेहमी दिसतो. तान्ह्या बाळाची बेंबी अशी फुगते ती बहुतेकदा चार-पाच वर्षांची होईस्तोवर आपोआप बुजते, म्हणून घराघरांत "बेंबीचं काही नसतं" असं म्हटलं जातं. मोठ्या माणसाची आपोआप बुजत नाही, आणि बाळाच्या जांघेतलाही हर्निया बुजत नाही, त्याला लवकर ऑपरेशन लागतं. सासूबाईंचा फुगवटा आडवं झाल्यावर पूर्ण बसतो का, ते बघा. बसत असेल आणि दुखत नसेल तर रात्रीतून धावायचं कारण नाही. बसत नसेल तर आतला चरबीचा पडदा तिथं चिकटलेला असण्याची शक्यता आहे, आणि त्याच वाटेनं उद्या आतडं येऊ शकतं. बेंबीवरची कातडी पातळ, चकचकीत किंवा काळपट दिसायला लागली असेल, तर उशीर करू नका. पोटात पाणी झालेलं असेल, यकृताचा आजार असेल, मधुमेह असेल, तर ते सर्जनला सांगायचं, कारण मग आधी त्याचा बंदोबस्त लागतो.

दाजींना ज्या दिवशी घेऊन जाल, त्याच दिवशी सासूबाईंनाही बरोबर न्या, एकाच खेपेत दोघांचं दाखवून होईल. सर्जनसमोर दाजी लाजून "थोडं दुखतंय" एवढंच म्हणतील. परवा रात्री गोळा किती वाजता आला, किती वेळ आत गेला नाही आणि कसा घातला, हे एका कागदावर लिहून तुम्हीच सर्जनच्या हातात द्या.